कमरेने नव्हे, खुब्याने फिरा

एप्रिल २०१७ मध्ये टायगर वुड्सच्या कमरेवर चौथी शस्त्रक्रिया झाली. त्याआधीच्या तीन शस्त्रक्रियांपैकी एक २०१४ मध्ये आणि दोन २०१५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाल्या होत्या. त्यांत मज्जातंतूवर दाबणारा मणक्यांमधल्या गादीचा तुकडा काढला होता. या वेळी मात्र डॉक्टरांनी कमरेचा सर्वांत खालचा मणका आणि त्याखालची त्रिकास्थी एकमेकांना कायमची जोडून टाकली. त्या सांध्याची हालचाल संपली. दोन वर्षांनी, १४ एप्रिल २०१९ रोजी, याच माणसाने ऑगस्टाला मास्टर्स स्पर्धा जिंकली.

या घटनेकडे बहुतेकांनी जिद्दीची कहाणी म्हणून पाहिलं. हौशी गोल्फ खेळणाऱ्याला मात्र ती शरीररचनेबद्दल काही सांगते. कमरेतला एक सांधा बंद असूनही जगातल्या उत्तम खेळाडूंशी बरोबरी करणारा स्विंग होऊ शकतो. मग स्विंगमधलं फिरणं नेमकं होतं कुठे? हौशी खेळाडूच्या व्यायामाची आखणी या प्रश्नाच्या उत्तरावरच करायला हवी. हेही नोंदवलं पाहिजे की मणके जोडल्याने वुड्सची सुटका झाली नाही. डिसेंबर २०२० मध्ये आणि त्यानंतरही त्याला कमरेसाठी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावं लागलं. म्हणून इलाजापेक्षा आधीची काळजी महत्त्वाची, आणि ती पन्नाशीतल्या सामान्य खेळाडूने कशी घ्यायची, एवढाच या लेखाचा विषय आहे.

फिरणं कुठे होतं

कमरेत पाच मणके असतात. त्यांच्या मागच्या बाजूचे छोटे सांधे जवळजवळ उभे, पुढून मागे जाणाऱ्या दिशेत बसवलेले असतात. त्यामुळे कंबर पुढे वाकते, मागे झुकते, पण फिरताना तिला हाडच अडवतं. एकेका सांध्याला एका बाजूला जेमतेम एक ते तीन अंश फिरता येतं. पाचही मिळून एका बाजूला दहा अंशांच्या आसपास होतात. त्यावर, बरगड्या जोडलेल्या भागात सांध्यांची ठेवण वेगळी असते आणि तिथे साधारण तीस-पस्तीस अंश मिळतात. खाली खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. निरोगी खुबा आतल्या बाजूला पस्तीस ते पंचेचाळीस अंश फिरतो आणि बाहेरच्या बाजूलाही जवळपास तितकाच.

आता स्विंगचा हिशेब मांडू. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू बॅकस्विंगमध्ये खांदे साधारण नव्वद अंश आणि ओटीपोटाचा भाग चाळीस-पंचेचाळीस अंश उजवीकडे नेतो. मग पाव सेकंदाच्या आसपास चालणाऱ्या डाउनस्विंगमध्ये सगळं उलट फिरतं. शेवटी पट्ट्याचं बकल थेट लक्ष्याकडे पाहतं. या सगळ्यात डावं पाऊल जमिनीवर रोवलेलं असतं. म्हणजे पाय स्थिर आणि त्यावर ओटीपोट डावीकडे फिरतं. डाव्या खुब्याच्या दृष्टीने हे आतल्या बाजूचं फिरणं झालं. जात्याची वरची तळी जशी खुंट्याभोवती फिरते, तसं अख्खं धड डाव्या खुब्याभोवती फिरतं.

हा खुंटा अडला तर काय होतं? खेळाडू थांबत नाही, कारण क्लब वेगात निघालेला असतो. खुब्याने नाकारलेले अंश वरच्या जवळच्या सांध्याला द्यावे लागतात, आणि तो सांधा कमरेचा. ज्याच्याकडे मुळात दहा अंश आहेत, त्याच्याकडून पाव सेकंदात आणखी मागितले जातात.

हे निव्वळ तर्काने सांगितलेलं नाही. विजय वाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ४२ व्यावसायिक गोल्फपटूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या एक तृतीयांश खेळाडूंना मागच्या वर्षभरात दोन आठवड्यांहून जास्त टिकलेलं, खेळात अडथळा आणणारं कमरेचं दुखणं झालं होतं. या खेळाडूंमध्ये पुढच्या पायाच्या, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या खुब्याचं आतल्या बाजूचं फिरणं कमी आढळलं. कंबर मागे झुकवण्याची क्षमताही कमी होती. हा अभ्यास दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढंच दाखवतो. खुबा मोकळा केला की कंबर दुखणारच नाही, असं तो सिद्ध करत नाही. तरी शरीररचना आणि हा आढळ एकाच दिशेने बोट दाखवतात, म्हणून कामाची सुरुवात तिथून करणं शहाणपणाचं.

कमरेवर पडतं काय

होझिया आणि गॅट यांनी गोल्फ स्विंगमध्ये कमरेच्या मणक्यांवर पडणारा भार अभ्यासला. उभा दाब शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट जातो, असं त्यांनी दाखवलं. ७८ किलोच्या माणसासाठी हा आकडा सहाशे किलोंच्या पुढे जातो. वाचून धास्ती वाटते, पण गादी उभा दाब पेलण्यासाठीच घडलेली आहे. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट हौशी खेळाडूने जास्त मनावर घ्यावी. व्यावसायिकांचा क्लब जास्त वेगाने जातो, तरीही कंबर बाजूला वाकवणारा आणि मणक्याला आडवं सरकवणारा भार हौशी खेळाडूंमध्ये जास्त आढळला.

चेंडूला क्लब लागतो त्या क्षणी खेळाडूची कंबर उजवीकडे वाकलेली असते आणि त्याच वेळी डावीकडे वेगाने फिरत असते. वाकणं आणि फिरणं एकत्र आलं की उजव्या बाजूचे छोटे सांधे एकमेकांवर चेपले जातात. म्हणूनच उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं दुखणं बऱ्याचदा उजव्या कमरेत, पट्ट्याच्या रेषेजवळ असतं. जोर डावा खुबा अडल्याने जास्त लागतो, पण दुखतं उजवीकडे. त्यामुळे माणूस शेकतो, चोळतो ती जागा वेगळी आणि काम करण्याची जागा वेगळी, असं होऊन बसतं.

स्विंगची पद्धतही इथे आड येते. बॉबी जोन्स किंवा जॅक निक्लॉस बॅकस्विंगमध्ये डावी टाच उचलत असत. त्यामुळे ओटीपोट मोकळेपणाने मागे फिरायचं आणि खांद्यांबरोबर जायचं. पुढे खालचं शरीर रोखून वरचं जास्तीत जास्त पिळण्याची पद्धत रूढ झाली. खांदे आणि ओटीपोट यांच्या कोनातला फरक जितका मोठा तितका ताण साठतो, असा तिचा आधार. पंचविशीतल्या, रोज व्यायाम करणाऱ्या खेळाडूला हे साधतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या चोपन्न वर्षांच्या माणसाने खुबे रोखले तर पिळण्यासाठी उरते फक्त कंबर.

एक नमुना घेऊ

पुढचं सगळं स्पष्ट व्हावं म्हणून एक खेळाडू डोळ्यांसमोर ठेवू. तो कोणी एक माणूस नाही. येरवड्याच्या किंवा चेंबूरच्या मैदानावर भेटणाऱ्या अनेकांवरून तो बेतला आहे. वय ५४, वजन ७८ किलो, हँडिकॅप १८, नोकरी बैठी. शनिवारी आणि रविवारी अठरा होल, बुधवारी रेंजवर शंभर चेंडू. तक्रार एकच: बाराव्या होलनंतर उजवी कंबर धरते, आणि सोमवारी सकाळी मोजे घालताना वाकवत नाही. पायात कळ नाही, मुंग्या नाहीत. डॉक्टरांनी तपासून व्यायामाला परवानगी दिली आहे.

त्याची पहिली चाचणी घरच्या पलंगावर होते. पालथं झोपायचं, गुडघे जुळवून काटकोनात वाकवायचे आणि दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला सैल सोडायची. दिसायला पाय बाहेर जातात, पण मांडीचं हाड खुब्यात आत फिरत असतं. ओटीपोट पलंगावरून उचललं जाता कामा नये, नाहीतर मोजमाप खोटं ठरतं. नडगीवर फोन टेकवून त्यातल्या कोनमापकाने अंश वाचायचे. आपल्या खेळाडूचा उजवा खुबा ३२ अंश जातो, डावा फक्त १८. दहा अंशांहून मोठा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नसतो, आणि इथे तो नेमका नको त्या बाजूला आहे.

इथे आपल्याकडचा एक गैरसमज दूर करायला हवा. ‘मला मांडी घालून तासभर बसता येतं, माझे खुबे मोकळे आहेत’ असं अनेक जण सांगतात. मांडी घालताना खुबा बाहेरच्या बाजूला फिरतो. ते फिरणं चांगलं असणं ही जमेची बाजू आहे, पण त्यावरून आतल्या फिरण्याविषयी काहीच कळत नाही. गोल्फमध्ये चेंडू गेल्यावर डाव्या खुब्याला लागतं ते आतलं फिरणं. बैठ्या आयुष्यात त्याची गरज दिवसभरात क्वचितच पडते, म्हणून ते गुपचूप कमी होत जातं.

दुसरी चाचणी वरच्या पाठीची. खुर्चीत बसून गुडघ्यांत उशी धरायची, छातीवर हातांची घडी घालून काठी खांद्यांना आडवी लावायची आणि दोन्हीकडे वळायचं. उशी हलली तर ओटीपोट फिरलं असं समजायचं. प्रत्येक बाजूला पंचेचाळीस अंश गेलं तर उत्तम. आपला खेळाडू चाळीसच्या जवळ आहे, म्हणजे खरी अडचण इथे नाही.

तिसरी चाचणी धरून ठेवण्याची. कुशीवर, कोपरावर भार देऊन शरीर सरळ उचलायचं, म्हणजे साइड प्लँक. डाव्या कुशीवर तो ५० सेकंद टिकतो, उजव्या कुशीवर २८. दोन्ही बाजू जवळपास सारख्या हव्यात. चेंडूला क्लब लागताना ज्या बाजूने कंबर धरून ठेवायची, तीच बाजू आधी दमते. बाराव्या होलपर्यंत दुखत नाही आणि नंतर दुखतं, याचा अर्थ इथे लागतो.

पहिले चार आठवडे: खुबा सोडवणं, कंबर बांधणं

या काळात जड वजन नाही आणि वेगही नाही. रोज दहा मिनिटं खुब्यासाठी आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि गुरुवारी, चाळीस मिनिटांचा व्यायाम.

खुब्याचा मुख्य व्यायाम जमिनीवर बसून होतो. उजवा पाय समोर काटकोनात वाकवून ठेवायचा आणि डावा पाय बाजूला, गुडघ्यात काटकोन करून, पाऊल मागे राहील असा. या बैठकीत मागचा डावा खुबा आत फिरलेला असतो. तोल जात असेल तर ढुंगणाखाली जाड उशी घ्यावी. आता डाव्या पावलाने जमीन दहा सेकंद खाली दाबायची, मग गुडघा जमिनीवर ठेवूनच पाऊल वर उचलण्याचा दहा सेकंद प्रयत्न करायचा. असं पाच वेळा. सुरुवातीला पाऊल उचललंच जात नाही आणि मांडीत गोळा येतो. ते अपेक्षित आहे. ताणून मिळवलेले अंश स्नायूंच्या ताब्यात नसतील तर स्विंगमध्ये उपयोगी पडत नाहीत, म्हणून इथे नुसतं ताणत बसण्यापेक्षा स्नायूंनी जोर लावणं महत्त्वाचं.

दुसरा व्यायाम उभ्याने. खुर्ची धरून डाव्या पायावर उभं राहायचं, उजव्या पायाचा चवडा फक्त टेकलेला. डावं पाऊल आणि गुडघा समोरच ठेवून ओटीपोट सावकाश डावीकडे वळवायचं आणि परत यायचं, आठ वेळा. फॉलो-थ्रूमध्ये खुब्याला जे करायचं आहे, तेच इथे संथपणे शिकवलं जातं. गुडघा आत कोसळत असेल तर वळण कमी करावं.

एक धोक्याची खूण लक्षात ठेवावी. ढुंगणात किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला ओढ लागणं ठीक आहे. पण जांघेत, पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं झालं तर तिथे हाडाला हाड टेकत असण्याची शक्यता असते. तो चिमटा सहन करत जोर लावणं म्हणजे सांध्याची झीज ओढवून घेणं. कोन कमी करावा आणि तरीही चिमटा राहिला तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं.

कमरेसाठी कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठात काम केलेले मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम पुरेसे आहेत. पहिल्यात पाठीवर झोपून, कमरेखाली हात ठेवून, डोकं आणि खांदे किंचितच उचलायचे. दुसरा साइड प्लँक. तिसऱ्यात हात-गुडघ्यांवर ओणवं राहून एका बाजूचा हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करायचा. प्रत्येक वेळी दहा सेकंद धरायचं. आधी पाच वेळा, मग तीन, मग एक. एका दमात दोन मिनिटं थरथरत राहण्यापेक्षा असे छोटे तुकडे चांगले, कारण दमलेला स्नायू चुकीची ठेवण शिकतो. आपल्या खेळाडूने उजव्या कुशीवर एक फेरी जास्त करावी.

याला एक जोड लागते. रबर बँड छातीच्या उंचीवर बाजूला बांधायचा, दोन्ही हातांनी छातीशी धरायचा आणि हात सरळ पुढे न्यायचे. बँड धडाला वळवू पाहतो आणि आपण वळायचं नाही. तीन सेकंद धरून आठ वेळा, दोन्ही बाजूंना, तीन सेट. फिरण्याच्या खेळासाठी न फिरण्याचा व्यायाम कशाला, असा प्रश्न पडेल. ओटीपोटाने तयार केलेला जोर खांद्यांपर्यंत पोचायचा तर मधला भाग पक्का हवा. तो ढिला असेल तर जोर वाटेतच कमरेत मुरतो.

या चार आठवड्यांत खेळही थोडा कमी करायचा. शनिवारी अठरा होल, रविवारी नऊ. आणि रेंजवरचे शंभर चेंडू निम्मे करायचे. त्यामागे साधा हिशेब आहे. नव्वद फटक्यांच्या राउंडमध्ये तीसहून अधिक पुटिंगचे असतात, दहा-बारा ग्रीनजवळचे. पूर्ण स्विंग पंचेचाळीसच्या आसपास, तेही चार तासांत, मधे चालत. रेंजवर पाऊण तासात शंभर चेंडू मारणारा माणूस दोन राउंडचे स्विंग विश्रांतीशिवाय करतो. कॅडी बॅग उचलतो म्हणून मैदानावर कंबर वाचते, पण रेंजवर ती कोणी वाचवत नाही.

पाचवा ते आठवा आठवडा: ताकद

खुब्यात पाच-सहा अंश वाढले आणि सोमवारचं धरणं कमी झालं, की वजनाकडे वळायचं. स्विंगचा जोर जमिनीला पायांनी दिलेल्या रेट्यातून येतो, म्हणून पाय आणि नितंब यांची ताकद आधी.

मुख्य व्यायाम डेडलिफ्ट, पण पूर्ण जमिनीवरून नको. बारखाली ठोकळे ठेवून तो नडगीच्या मध्यापर्यंत उंच घ्यावा, किंवा जिममध्ये षट्कोनी ट्रॅप बार असेल तर तो वापरावा. त्यात वजन शरीराच्या जवळ राहतं आणि कमरेवरचा ताण कमी होतो. वजन उचलण्याआधी काठीची परीक्षा द्यायची. काठी पाठीला उभी लावून वाकायचं. डोकं, पाठीचा वरचा भाग आणि त्रिकास्थी या तीन जागी ती टेकलेली राहिली पाहिजे. कमरेतलं अंतर मिटलं, म्हणजे कंबर गोल झाली. खेळाडूने ४० किलोंपासून सुरुवात करावी, पाच वेळांचे तीन सेट, आणि दर आठवड्याला पाच किलो वाढवावेत. सेट संपला तेव्हा आणखी दोन-तीन वेळा उचलता आलं असतं असं वाटलं पाहिजे. दात-ओठ खाऊन शेवटचं वजन उचलण्याची इथे गरज नाही.

दुसरा व्यायाम एक पाय पुढे, एक मागे ठेवून खाली बसण्याचा, हातात डंबेल घेऊन, प्रत्येक पायावर आठ वेळा. तिसरा एकाच हातात जड केटलबेल घेऊन सरळ तीस मीटर चालण्याचा. बघायला क्षुल्लक वाटतो, पण वजन एका बाजूला ओढत असताना कंबर वाकू न देणं हेच त्यातलं काम आहे, आणि चेंडू मारताना नेमकं हेच लागतं. चौथा, एका गुडघ्यावर बसून केबल खालून वर तिरकी ओढण्याचा. एक गुडघा टेकलेला असल्याने ओटीपोट स्थिर राहतं आणि फिरणं बरगड्यांच्या भागात होतं.

या यादीत जिममध्ये सर्रास दिसणारा एक व्यायाम मुद्दाम ठेवलेला नाही. जमिनीवर बसून, पाय उचलून, हातात वजन घेऊन डावी-उजवीकडे वळण्याचा. त्यात कंबर गोल झालेली, खुबे अडकलेले आणि वजन फिरणारं असतं. जे टाळण्यासाठी सगळा खटाटोप, तेच त्यात शंभर वेळा केलं जातं. केबलला जड वजन लावून स्विंगची नक्कल करणंही टाळावं. वजनाने हालचाल मंद आणि वेडीवाकडी होते, आणि तीच सवय लागते.

नववा ते बारावा आठवडा: वेग

ताकद म्हणजे क्लबचा वेग नव्हे. ती फार थोड्या वेळात वापरता यावी लागते. त्यासाठी दोन किंवा तीन किलोंचा मेडिसिन बॉल आणि एक भक्कम भिंत लागते.

भिंतीला डावी बाजू करून, साधारण दीड मीटर दूर उभं राहायचं. बॉल उजव्या खुब्याजवळ आणायचा, भार उजव्या पायावर घ्यायचा, मग डावा पाय रोवून ओटीपोट आधी फिरवायचं आणि बॉल भिंतीवर फेकायचा. फेकून झाल्यावर बकल भिंतीकडे आणि उजवी टाच उचललेली हवी. टाच जमिनीवरच राहिली तर खुबे फिरले नाहीत, कंबर फिरली. पाच फेकी, मग मिनिटभराहून अधिक विश्रांती, असे तीन-चार सेट. उलट बाजूनेही करायचं, कारण क्लबचा वेग थांबवण्याचं काम ते स्नायू करतात. हा व्यायाम नेहमी सुरुवातीला, ताजं असताना. फेक मंदावली की तो दिवस संपला. धाप लागेपर्यंत फेकत राहिल्याने दम वाढतो, वेग नाही. बॉलही जड घेऊ नये. सहा किलोंचा बॉल हात ढकलतात, खुबे फेकत नाहीत.

डेडलिफ्ट चालू ठेवायची, पण तीन वेळांचे तीन सेट, म्हणजे मिळवलेली ताकद टिकते. गुरुवारचा व्यायाम निम्मा करावा, म्हणजे शनिवारी पाय ताजे राहतील.

हाती काय लागेल? फ्लेचर आणि हार्टवेल यांनी २००४ मध्ये क्लब पातळीवरच्या गोल्फपटूंना आठ आठवडे वजनं आणि मेडिसिन बॉलचा व्यायाम दिला. क्लबचा वेग दीड टक्क्याच्या आसपास वाढला आणि ड्राइव्हचं अंतर चार टक्क्यांच्या थोडं वर. दोनशे यार्ड मारणाऱ्याला हे आठ-नऊ यार्ड होतात. बारा आठवड्यांत तीस यार्ड मिळवून देण्याचं आश्वासन कोणी दिलं तर ते मानू नये. आपल्या खेळाडूच्या डाव्या खुब्यात आठ-दहा अंश वाढले, दोन्ही कुशींवरचा वेळ जुळला आणि अठरावा होल कंबर न धरता संपला, तर आखणी यशस्वी झाली.

पहाटेची टी

आपल्याकडे उन्हामुळे पहिला फटका पहाटे सहाच्या सुमारास पडतो, आणि इथे एक गोष्ट कमरेच्या विरोधात जाते. रात्रभर आडवं असताना गाद्या पाणी शोषून फुगतात. उठल्यानंतरच्या पहिल्या तासात त्या ताठ असतात आणि पुढे वाकताना त्यांच्यावरचा ताण दिवसातल्या इतर वेळेपेक्षा कितीतरी जास्त असतो. स्नूक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना सकाळी लवकर वाकणं टाळायला सांगितलं, आणि त्यांचं दुखणं कमी झालं. म्हणून पहाटे उठून पायाची बोटं धरण्याचा व्यायाम करणारा गोल्फपटू कमरेचं नुकसान करतो. सहाची टी असेल तर पाचच्या आधी उठावं, घरात चालावं, बूट खुर्चीत बसून, पाय उचलून घालावेत.

मैदानावर दहा मिनिटं राखावीत. आधी दोन-तीन मिनिटं भरभर चालणं, मग क्लबचा आधार घेऊन पाय पुढे-मागे झुलवणं, डाव्या पायावर उभं राहून ओटीपोट वळवणं, खांद्यांवर क्लब ठेवून हलकं वळणं. त्यानंतर वेजने अर्धे स्विंग, सात नंबरच्या आयर्नने पाऊण, शेवटी ड्रायव्हर. गोशेगर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सातशेहून अधिक गोल्फपटूंची पाहणी केली. दहा मिनिटं किंवा जास्त वेळ शरीर गरम करणाऱ्यांना दुखापती कमी झाल्या होत्या, आणि बॅग स्वतः वाहून नेणं कमरेला घातक ठरत होतं.

जेव्हा खुबा सुटत नाही

सहा आठवडे नेमाने काम करूनही डावा खुबा वीस अंशांच्या पुढे जात नसेल, तर कारण बहुधा हाडाच्या घडणीत किंवा सांध्याच्या झिजेत असतं. काहींच्या मांडीचं हाड जन्मतःच असं वळलेलं असतं की खुबा बाहेर भरपूर फिरतो, आत कमी. ते व्यायामाने बदलत नाही. अशा वेळी शरीराशी झगडण्यापेक्षा उभं राहणं बदलावं. डाव्या पायाचा चवडा लक्ष्याकडे वीस-तीस अंश वळवून ठेवला की खुब्याला तेवढे अंश आयते मिळतात. बॅकस्विंगमध्ये डावी टाच उचलू द्यावी, आणि चेंडू गेल्यावर डाव्या टाचेवर पाऊल थोडं फिरू द्यावं. प्रशिक्षक नाराज झाला तर त्याला पलंगावरचा आकडा दाखवावा.

काही वेळा व्यायामाचा विचारच बाजूला ठेवावा लागतो. गुडघ्याखाली कळ किंवा बधिरपणा जाणं, पाऊल उचलताना ते लटकं पडणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, त्यासोबत ताप किंवा कारणाशिवाय वजन घटणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडे जावं. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं किंवा बसण्याच्या जागेला बधिरपणा येणं ही तातडीची अवस्था आहे. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

राहिलेल्यांना एकच सांगणं. नवा ड्रायव्हर घेण्याआधी आज संध्याकाळी पलंगावर पालथे झोपा, फोन नडगीवर ठेवा आणि दोन्ही खुब्यांचे आकडे वहीत लिहा. डावा उजव्याहून दहा अंश मागे असेल, तर पुढचे चार आठवडे रोजची दहा मिनिटं त्याच्यासाठी राखून ठेवा आणि रेंजवरचे चेंडू निम्मे करा. वजनं आणि मेडिसिन बॉल त्यानंतर.